तिला तोच हवा असतो आणि कार्डं ‘नाही’ म्हणतात, तेव्हा

पाचवं कार्ड उलटलं आणि एट ऑफ कप्स निघालं. समोर बसलेली मुलगी कार्डाकडे बघतच नव्हती, ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिचा प्रश्न होता, ‘तो माझा होईल का?’ आणि उत्तर माझ्या तोंडातून निघण्याआधी ती ते माझ्या डोळ्यांत शोधत होती.

टॅरो रीडिंग करणाऱ्या प्रत्येकाला हा क्षण माहीत आहे. इथे दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे नकार गोड करून सांगणं, आणि दुसरी म्हणजे नकार सांगून मोकळं होणं. पहिल्या चुकीत माणूस आशेवर लटकत राहतो, दुसऱ्या चुकीत रिकाम्या हाताने उठतो. या दोन्ही चुका टाळून असं रीडिंग शेवटपर्यंत कसं न्यायचं, ते मी या एकाच रीडिंगच्या आधारे सांगते. कार्डांची वर्णनं रायडर-वेट-स्मिथ डेकची आहेत. हा डेक १९०९ साली निघाला, चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. बहुतेकांच्या हातात आज तोच किंवा त्याच्यावरून काढलेला डेक असतो.

कार्डं काढण्याआधी

नकार पेलायची तयारी कार्डं पिसण्याआधीच करावी लागते, नंतर उशीर होतो. मी तीन गोष्टी आधीच ठरवून घेते आणि समोरच्याला मोठ्याने सांगते.

पहिली, प्रत्येक जागेचा अर्थ. या प्रश्नासाठी मी पाच कार्डांचा साधा स्प्रेड वापरते. पहिलं कार्ड, तू आज कुठे उभी आहेस. दुसरं, त्याच्या वागण्यात आज काय दिसतंय. तिसरं, तुमच्या दोघांमध्ये काय आहे. चौथं, तुझ्या लक्षात न येणारी गोष्ट. पाचवं, आज आहे तसंच चालू राहिलं तर हे कुठे जातंय. दुसऱ्या जागेला मी मुद्दाम ‘त्याच्या मनात काय आहे’ म्हणत नाही. जो माणूस टेबलाशी बसलेलाच नाही, त्याच्या मनाची ग्वाही मी देऊ शकत नाही. वागणं मात्र तिने स्वतः पाहिलेलं असतं, त्यामुळे कार्ड जुळतंय की नाही हे ती पडताळू शकते.

दुसरी, उलट्या कार्डांचं काय करायचं. तुम्ही उलटी कार्डं वाचत असाल तर वाचा, नसाल तर वाचू नका, पण हे कार्ड निघाल्यावर ठरवू नका. नको ते कार्ड उलटं निघालं की ‘उलटं आहे म्हणजे अडथळा दूर होतोय’ असं म्हणायचा मोह भल्याभल्यांना होतो.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे जास्तीची कार्डं किती. मी सांगते, ‘खुलाशासाठी एकच कार्ड काढू, आणि तेही एखादी जागा खरंच कळली नाही तरच.’ यामागे साधं गणित आहे. डेकमध्ये ७८ कार्डं. प्रेमाच्या प्रश्नात त्यातली २० कार्डं ‘हो’ म्हणतात असं धरा. एकापाठोपाठ चार कार्डं काढली तर त्यात किमान एक ‘हो’ येण्याची शक्यता साधारण ७० टक्के होते. म्हणजे ‘ताई, अजून एक काढू या ना’ याला तुम्ही तीन-चारदा मान दिलात, तर बहुतेक वेळा तिला हवं ते कार्ड येणारच. आणि पुढचे कित्येक महिने तेवढंच एक कार्ड तिच्या लक्षात राहील.

हा खरंच नकार आहे का, हे आधी तपासा

एखादं जड कार्ड आलं म्हणजे नकार झाला असं नाही. डेथ किंवा टॉवर पाचव्या जागी आलं की नवखा रीडर घाबरतो, पण ती कार्डं फार तर ‘आजचा आकार टिकणार नाही’ एवढं सांगतात. नातं असं ‘धड ना आत, ना बाहेर’ लटकलेलं असेल तर त्याचा आकार मोडणं चांगलंही ठरू शकतं. मी माझ्यासाठी एक कसोटी ठेवली आहे. दुसरी, तिसरी आणि पाचवी या तीन जागांपैकी निदान दोन एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच मी त्याला नकार म्हणते. नाहीतर सरळ सांगते, ‘चित्र संमिश्र आहे,’ आणि तिथेच थांबते.

त्या मुलीच्या रीडिंगमध्ये पहिल्या जागी सेव्हन ऑफ कप्स होतं, दुसऱ्या जागी फोर ऑफ पेंटॅकल्स, तिसऱ्या जागी टू ऑफ कप्स उलटं, चौथ्या जागी सिक्स ऑफ कप्स आणि पाचव्या जागी एट ऑफ कप्स. फोर ऑफ पेंटॅकल्समधला माणूस नीट बघा. एक नाणं त्याने छातीशी कवटाळलंय, एक मुकुटावर आहे, आणि उरलेली दोन त्याच्या पायांखाली. तो उठू शकत नाही, हात पुढे करू शकत नाही. त्याच्या खाली दोघांनी एकमेकांसमोर प्याले धरलेलं कार्ड उलटं. आणि शेवटी लाल कपड्यातली आकृती आठ प्याल्यांकडे पाठ करून डोंगराच्या दिशेने निघालेली. तिन्ही जागा एकच गोष्ट सांगत होत्या. इथे शंकेला जागा नव्हती.

मग पुढचा प्रश्न म्हणजे हा नकार कुठून येतोय. याचं उत्तर तुमच्या हातात नसेल तर पुढे तिला देण्यासारखं तुमच्याकडे काही उरत नाही, म्हणून इथे घाई करू नका. दुसरी जागा बंद आणि बाकीच्या जागा त्यामानाने मोकळ्या असतील, तर नकार त्याच्याकडून आहे. तिसऱ्या जागी पेंटॅकल्स किंवा वाँड्सची ओढाताणीची कार्डं असतील, म्हणजे टू ऑफ पेंटॅकल्सची कसरत किंवा टेन ऑफ वाँड्सचं ओझं, तर नकार परिस्थितीचा आहे. आणि कधीकधी नकार विचारणारीच्याच आत असतो. पहिल्या जागी टू ऑफ स्वोर्ड्स येतं, डोळ्यांवर पट्टी आणि छातीवर दोन तलवारी आडव्या धरलेली बाई. अशा वेळी जरा विचारलं की कळतं, तिला तो हवा आहे असं ती म्हणते खरी, पण तो मिळाला तर काय, या विचारानेच ती गोठते.

या मुलीचा नकार त्याच्या बाजूचा होता. पण मी तसं थेट म्हटलं नाही. मी विचारलं, ‘गेल्या तीन-चार महिन्यांत त्याने आपणहून किती वेळा फोन किंवा मेसेज केला?’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘दरवेळी मीच करते.’ कार्डाचा अर्थ तिने स्वतःच्या तोंडाने सांगितला होता. नकार असा तिच्या अनुभवाशी जुळला की तो रीडरचं मत राहत नाही. जुळला नाही, तिने उलट ठोस उदाहरणं दिली, तर आपलं वाचन चुकलंय हे मान्य करा आणि पुन्हा बघा.

सांगायचं कसं

लवकर सांगा. सगळी कार्डं उलटल्यावर मी दोन-तीन मिनिटांत मुद्द्यावर येते. रीडर जितका वेळ पहिल्या कार्डावर घुटमळतो तितका वेळ समोरच्याच्या पोटात गोळा असतो, आणि त्या अवस्थेत तुम्ही बोललेलं काहीच तिच्या डोक्यात शिरत नाही.

कार्डावर बोट ठेवून सांगा. डोळ्यांत डोळे घालून नकार सांगितला की तो निकालासारखा अंगावर येतो. दोघींनी मिळून एका चित्राकडे पाहिलं की बोलणं सोपं होतं. मी म्हणाले, ‘या तीन कार्डांमध्ये मला हे नातं तुला हवं तिकडे जाताना दिसत नाही. तो वाईट आहे असं कार्डं म्हणत नाहीत. आज त्याचा हात मोकळा नाही, आणि असंच चाललं तर थकून निघून जाणारी तू असशील.’ एवढं बोलून मी थांबले.

हे थांबणं अवघड असतं. शांतता लांबली की आपल्यालाच काहीतरी बरं बोलावंसं वाटतं, आणि तोंडातून नेमकी तीच वाक्यं निघतात जी निघायला नकोत. ‘आत्ता वेळ नाही’ हे त्यातलं सगळ्यात घातक. सुरुवातीच्या काळात मी एका बाईला हे वाक्य म्हटलं होतं. तिच्या स्प्रेडमध्ये वेळेबद्दल काहीही नव्हतं, मला फक्त तिचं रडणं बघवत नव्हतं. वर्षभराने ती परत आली आणि म्हणाली, ‘तुम्ही वेळ यायची आहे म्हणालात, म्हणून थांबले होते.’ मधल्या काळात तिने दुसरं काही जुळूच दिलं नव्हतं. त्यानंतर मी एक नियम केला. वेळेसाठी वेगळी जागा स्प्रेडमध्ये नसेल तर वेळेबद्दल एक शब्दही बोलायचा नाही.

‘याच्यापेक्षा चांगला कोणीतरी येतोय’ हेही तसंच. ते कार्डात नाही, आणि तिला ‘कोणीतरी’ नकोच आहे. तिला तो हवा आहे. असं वाक्य ऐकलं की तिला कळतं, आपलं दुःख या बाईला समजलेलंच नाही. आणि तिसरी गोष्ट म्हणजे उपाय. अडथळा दूर करण्यासाठी काहीतरी करू या, असं म्हणून नकारावर पैसे घेणं ही फसवणूक आहे. मी ती करत नाही, आणि कोणी करत असेल तर त्याला रीडर म्हणत नाही.

मुलीने मान खाली घातली, डोळे पुसले. मग अपेक्षेप्रमाणे म्हणाली, ‘ताई, अजून एकच कार्ड.’ मी म्हणाले, ‘आपण ठरवलं होतं. कुठली जागा तुला कळली नाही ते सांग.’ ती गप्प बसली. तिला सगळ्या जागा कळल्या होत्या. तेव्हा कार्ड काढायचं कारणच नव्हतं.

दिशा कुठून वळवायची

आता मुख्य काम. नवी दिशा तुमच्या मनातून आली की तो नुसता दिलासा होतो. ती टेबलावर आधीच असलेल्या कार्डातून यायला हवी. म्हणून मी स्प्रेडमध्ये असं एक कार्ड शोधते जे त्या माणसाबद्दल बोलत नाही, तिच्याबद्दल बोलतं. बहुतेक वेळा ते चौथ्या जागी सापडतं.

इथे चौथ्या जागी सिक्स ऑफ कप्स होतं. मी कार्ड तिच्याकडे सरकवलं आणि विचारलं, ‘यात तुला काय दिसतं? अर्थ सांगू नकोस, फक्त चित्र सांग.’ ती म्हणाली, ‘मोठा मुलगा लहान मुलीला फुलांनी भरलेला प्याला देतोय.’ थोड्या वेळाने म्हणाली, ‘आणि मागे कोणीतरी निघून चाललंय.’ ती आकृती खरोखर त्या चित्रात डाव्या बाजूला मागे आहे, हातात काठीसारखं काहीतरी धरून पाठमोरी जाणारी. बरेच रीडर ती बघतही नाहीत. तिला ती दिसली, कारण तिला ती दिसायलाच हवी होती.

मी विचारलं, ‘तो पहिल्यांदा भेटला तेव्हा तुला प्याल्यात काय मिळालं होतं?’ मग ती बोलायला लागली. नवी नोकरी, नवं गाव, ओळखीचं कोणीही नाही. पहिल्या आठवड्यात सगळ्यांमध्ये त्यानेच विचारलं होतं, ‘जेवलीस का?’ त्यानंतर दोन वर्षं दिवसभरात काय घडलं ते ती त्यालाच सांगत आली होती. त्याची बदली दुसऱ्या विभागात झाली, तो कमी बोलायला लागला, आणि तिच्या दिवसाला श्रोताच उरला नाही.

नकारामागे लपलेली गरज इथे हाती लागते. तिला तो हवा होता हे खरंच होतं, ते खोडून काढायचं नाही. पण त्याच्यात तिला जे मिळत होतं ते म्हणजे ‘माझा दिवस कोणालातरी माहीत असणं.’ माणूस मिळणं तिच्या हातात नव्हतं. हे दुसरं मात्र तिच्या हातात होतं. ‘तुला तो नकोच आहे, तुला फक्त सोबत हवी आहे’ असं कधीही म्हणू नका. ते खोटं आहे आणि अपमानकारकही. मी म्हणाले, ‘तो हवा असणं एका बाजूला राहू दे, ते आजच्या आज जाणार नाही. पण त्याच्यासोबत आणखी एक गोष्ट बांधली गेली आहे. ती सुटी करून बघू या का?’

‘करू या का’ हे विचारणं खरं विचारणं असावं. ती ‘नाही’ म्हणाली तर तिथे थांबा. दुःख ताजं असताना सगळ्यांना पुढचं बघायचं नसतं, आणि त्या दिवशी नकार ऐकून घेणं हेच पुरेसं काम असतं.

ती ‘हो’ म्हणाली. मग आम्ही प्रश्न नव्याने लिहिला. चांगल्या प्रश्नाची खूण सोपी आहे, वाक्याचा कर्ता विचारणारी स्वतः असते आणि क्रियापद तिला करता येण्यासारखं असतं. ‘तो माझा होईल का’ यात कर्ता तो. ‘मी त्याला कशी विसरू’ यात कर्ता ती असली तरी क्रियापद तिच्या हातातलं नाही, विसरणं ठरवून होत नाही. तिने शेवटी लिहिलं, ‘माझा दिवस मी कोणाला सांगू शकते?’ तिच्याच शब्दांतला हा प्रश्न माझ्या कुठल्याही सुबक वाक्यापेक्षा चांगला होता. प्रश्न तिच्या हाताने कागदावर यायला हवा, तुम्ही तोंडी सुचवलेला घरी जाईपर्यंत टिकत नाही.

तीन कार्डांचा दुसरा स्प्रेड

पहिली पाच कार्डं टेबलावर तशीच ठेवायची. ती उचलली तर नकार पुसल्यासारखा वाटतो. उरलेल्या ७३ कार्डांतून तीन काढायची. पहिलं, त्याच्याकडून मला नेमकं काय मिळत होतं. दुसरं, ते आणखी कुठे आहे आणि मी बघत नाहीये. तिसरं, पुढच्या पंधरा दिवसांत एक पाऊल.

पहिल्या जागी क्वीन ऑफ कप्स आली. तिच्या हातातला प्याला झाकलेला, नक्षीदार आहे. आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही, आणि ती एकटीच त्याकडे टक लावून बसली आहे. मुलगी म्हणाली, ‘मी बोलायचे, पण खरं तर मीच माझं ऐकायचे.’ मी यात काही भर घातली नाही.

दुसऱ्या जागी थ्री ऑफ पेंटॅकल्स. बाकावर उभा राहून काम करणारा कारागीर आणि समोर नकाशा धरून बोलणारे दोघं. इथे ती लगेच म्हणाली, तिच्या कामात रोज सोबत बसणाऱ्या दोघी आहेत, पण त्यांच्याशी ती फक्त कामाचंच बोलते. तिसरी जागा सिक्स ऑफ स्वोर्ड्सची. नावेत पाठमोरी बसलेली, अंगावर वस्त्र ओढून घेतलेली बाई, शेजारी मूल, आणि नाव वल्हवणारा दुसराच कोणीतरी. एका बाजूचं पाणी खळबळतंय, दुसऱ्या बाजूचं शांत आहे. तलवारी नावेतच रोवलेल्या, म्हणजे दुःख सोबतच नेलं जातंय, आणि वल्हं दुसऱ्याच्या हातात आहे. पाऊल यातूनच निघालं. त्या दोघींपैकी एकीला या पंधरा दिवसांत एकदा कामाव्यतिरिक्त भेटायचं आणि ‘सध्या मला बरं वाटत नाहीये’ एवढं तरी सांगायचं. पाऊल इतकं लहान आणि ठरावीक हवं की ते झालं की नाही हे पंधराव्या दिवशी ‘हो’ किंवा ‘नाही’त सांगता यावं. ‘स्वतःवर प्रेम कर’ हे पाऊल नाही, कारण ते कधी झालं हे कोणालाच कळत नाही.

या स्प्रेडमध्ये एक गोष्ट बिघडू शकते. तिन्ही कार्डांतून ती पुन्हा त्यालाच शोधायला लागते. ‘हा नाव वल्हवणारा तो तर नसेल?’ असं होणारच. वाद घालू नका. कागदावरचा प्रश्न तिला मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, ‘या प्रश्नात तो कुठे आहे?’ दोनदा असं करूनही ती तिथेच परतत असेल, तर आज तिला वळण नको आहे. कार्डं गोळा करा आणि रीडिंग संपवा.

कधी अजिबात पुढे जायचं नाही

समोरच्या माणसाने संपर्क नको असं स्पष्ट सांगितलेलं असेल आणि विचारणारी तरीही त्याच्या घराबाहेर थांबते, दुसऱ्या नंबरवरून फोन करते असं बोलण्यातून कळलं, तर त्या माणसाबद्दल एकही कार्ड काढू नका. त्याचं ‘नको’ हे तुमच्या स्प्रेडपेक्षा मोठं आहे, आणि हे तिला तशाच शब्दांत सांगा. आणि ‘तो नाही तर जगून काय करू’ असं वाक्य आलं तर ते बोलण्याची पद्धत समजून सोडून देऊ नका. कार्डं बाजूला ठेवा, जिवाचं काही करून घ्यायचा विचार येतोय का हे सरळ विचारा, आणि घरचं किंवा जवळचं कोणी तिच्यासोबत येईपर्यंत तिला एकटं सोडू नका. पुढचं काम डॉक्टरांचं आहे.

परत आली तर

त्याच माणसाबद्दल तोच प्रश्न मी तीन महिन्यांच्या आत घेत नाही. त्याच्या वागण्यात खरोखर काही बदललं असेल, म्हणजे तो आपणहून भेटायला आला किंवा काही बोलला, तरच अपवाद. म्हणून प्रत्येक रीडिंगची नोंद ठेवते. तारीख, मूळ प्रश्न, कार्डं, तिने स्वतःच्या शब्दांत लिहिलेला नवा प्रश्न आणि ठरलेलं पाऊल. पुढच्या वेळी बसल्यावर सगळ्यात आधी पावलाचं काय झालं ते विचारते, मग कार्डांना हात लावते.

ती मुलगी पाच आठवड्यांनी आली. पाऊल पंधरा दिवसांत झालं नव्हतं, विसाव्या दिवशी झालं होतं. दोघींपैकी जिला सांगायचं ठरलं होतं तिला न सांगता तिने दुसरीलाच सांगितलं होतं. त्याचा विषय तिने काढला, रडलीही. मग वहीतलं पान उलटून म्हणाली, आज तिला नोकरीबद्दल विचारायचंय, याच विभागात राहावं की दुसरीकडे जावं. मी विचारलं, ‘दुसरीकडे म्हणजे त्याच्या विभागात?’ ती म्हणाली, ‘नाही, तिसरीकडे.’ मग आम्ही कार्डं पिसायला घेतली.